सोसायटीच्या बँकेत नऊ लाख आहेत, मग मेंटेनन्स कमी का नाही? वर्षअखेरची शिल्लक आणि पुढचं बजेट, नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात घोडबंदर रोडला आमची ४८ फ्लॅटची सोसायटी आहे आणि बरीच वर्षं ट्रेझररचं काम माझ्याकडे आहे. दर वर्षी एजीएमला शिल्लकेवरून तेच प्रश्न येतात आणि दर वर्षी तोंडी उत्तर देऊन ते विसरले जातात, म्हणून यावेळी सगळं लिहून काढलं. आसपासच्या सोसायट्यांच्या, नवी मुंबईतल्या सुद्धा, ट्रेझरर लोकांनी हेच प्रश्न विचारलेत त्यामुळे त्यांनाही उपयोगी पडेल. खालचं उदाहरण ३१ मार्च २०२५ ची शिल्लक आणि २०२५-२६ चं बजेट असं धरून केलंय, आकडे गोल केलेत. शेअर भांडवल आणि रिझर्व फंड वेगळ्या एफडीत आहेत, ते हिशोब सोपा राहावा म्हणून यात धरलेले नाहीत.

पासबुकात ३१ मार्चला ९,१२,००० होते. मग पुढच्या वर्षीची आरंभीची शिल्लक तीच ना?

नाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

पासबुक म्हणजे बँकेचं म्हणणं. आपण २८ मार्चला लिफ्टच्या एएमसीचा ६२,००० चा चेक दिला, त्यांनी तो एप्रिलमध्ये भरला, म्हणजे बँकेला ३१ मार्चला त्या चेकचा पत्ताच नव्हता. आपल्या कॅशबुकात तो खर्च पडलेला आहे. म्हणून आधी बँक रिकन्सिलिएशन करायचं: ९,१२,००० वजा ६२,००० म्हणजे ८,५०,०००. ऑफिसच्या पेटीत रोख ४,००० होते. झाले ८,५४,०००. वहीप्रमाणे खरी अखेरची शिल्लक ही.

उलटंही होतं, मेंबरने ३१ तारखेला चेक दिला, आपण पावती फाडली पण बँकेत जमा झाला ३ एप्रिलला, तो मिळवायचा. आमच्याकडे यावेळी तसा चेक नव्हता.

बरं, ८,५४,०००. मग हे तरी सगळे पुढच्या वर्षी खर्चायला मोकळे आहेत ना?

तेही नाहीत. हे पैसे एकाच सेव्हिंग खात्यात पडलेले असतात म्हणून एकसारखे दिसतात, पण प्रत्येक रकमेवर कोणाचं तरी नाव लिहिलेलं आहे. एक एक करून काढूया.

सिंकिंग फंडाचे १,२०,०००. आदर्श उपविधींप्रमाणे हा फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के घ्यायचा असतो. आपल्याकडे फ्लॅटमागे बांधकाम खर्च १० लाख धरलाय, म्हणून फ्लॅटमागे २,५०० आणि ४८ फ्लॅटचे १,२०,०००. हे वर्षभर गोळा झाले पण एफडी करायची राहिली. चूक आमचीच, एफडी तिमाहीला व्हायला हवी होती.

रिपेअर फंडाचे १,८०,०००. हा किमान ०.७५ टक्के, म्हणजे फ्लॅटमागे ७,५०० आणि वर्षाचे ३,६०,०००. त्यातले निम्मे प्लंबिंगच्या मोठ्या कामात गेले, निम्मे उरले.

पेंटिंगचे ३,३०,०००. बाहेरच्या रंगकामासाठी प्रत्येकाकडून खास १५,००० घेतले होते, एकूण ७,२०,०००. कॉन्ट्रॅक्टरला ३,९०,००० दिलेत, दोन बाजू बाकी आहेत.

आगाऊ मेंटेनन्सचे ८४,०००. दोन मेंबर परदेशात असतात, त्यांनी मार्चमध्येच पुढच्या अख्ख्या वर्षाचे प्रत्येकी ४२,००० भरून टाकले. पैसे मार्चमध्ये आले पण ते २०२५-२६ चे आहेत.

आणि मार्चची न दिलेली बिलं ९६,०००. सिक्युरिटी, हाउसकीपिंग, महावितरणचं कॉमन मीटरचं बिल, पाण्याचं बिल. वापर मार्चचा, बिल एप्रिलमध्ये आलं. हा खर्च मागच्या वर्षाचाच आहे आणि तो मागच्या वर्षीच्या पैशातूनच द्यायचाय.

बेरीज करा, ८,१०,००० होतात. ८,५४,००० मधून गेले की उरतात ४४,०००. पासबुकात नऊ लाख बारा हजार दिसत होते आणि जनरल खर्चाला खरोखर मोकळे आहेत चव्वेचाळीस हजार.

पण ऑडिट रिपोर्टच्या ताळेबंदात जनरलची साठलेली शिल्लक १,७९,००० लिहिलीये. तुम्ही ४४,००० कुठून आणलेत?

हा प्रश्न मला फार आवडतो कारण विचारणाऱ्याने रिपोर्ट खरंच उघडून बघितलेला असतो.

दोन्ही आकडे बरोबर आहेत. ऑडिटचे हिशोब येणं-देणं धरून होतात, म्हणजे बिल काढलं की उत्पन्न धरलं जातं, पैसे हातात येवोत न येवोत. तीन फ्लॅटांची जुनी मेंटेनन्सची थकबाकी १,३५,००० आहे. ती ताळेबंदात येणं म्हणून उभी आहे आणि त्यामुळे शिल्लक तेवढी जास्त दिसते. १,७९,००० वजा १,३५,००० म्हणजे ४४,०००. टाकीत पाणी किती आणि टँकरवाला किती देणं लागतो या दोन गोष्टी वेगळ्या धरायच्या, आंघोळ टाकीतल्याच पाण्याने होते.

बजेटमध्ये मी आरंभीची शिल्लक ४४,००० च धरतो आणि थकबाकीची वेगळी ओळ खाली लिहितो, 'येणं १,३५,०००, वसूल झाल्यास'. जूनमध्ये एखाद्याने भरले तर ती २०२५-२६ ची जमा होते, मागे जाऊन आरंभीची शिल्लक वाढवायची नाही. काही सोसायट्या थकबाकी शंभर टक्के येणार असं धरून बजेट बसवतात आणि मग नोव्हेंबरमध्ये सिक्युरिटी एजन्सीचा फोन घ्यायला घाबरतात.

बजेटमध्ये जनरेटर डिझेलला ६०,००० धरले होते, २२,००० च खर्च झाले. उरलेले ३८,००० पुढच्या वर्षी डिझेललाच मिळणार ना?

नाही. डिझेल, हाउसकीपिंग, स्टेशनरी ही जनरल मेंटेनन्सची खर्चाची खाती आहेत, त्यांना स्वतःचे पैसे नसतात, फक्त मर्यादा असते. ३१ मार्चला ती मर्यादा संपते. वाचलेले ३८,००० जनरलमध्येच राहतात आणि दुसऱ्या एखाद्या खात्यात जास्त गेले असतील तर तिकडे भरून निघतात, आपल्याकडे टँकरने खाल्ले. घोडबंदरला एप्रिल-मे मध्ये पाणी कमी पडलं की टँकर लागतातच आणि त्याचा अंदाज दर वर्षी चुकतो.

पुढे जातात ते फक्त फंड. फंड म्हणजे ज्यासाठी पैसे वेगळे मागितले आणि त्यासाठीच खर्चायचे असं ठरलंय, सिंकिंग, रिपेअर, पेंटिंग. त्यांची उरलेली रक्कम पैन् पै त्याच नावाने पुढच्या वर्षात जाते.

मधली एक गोष्ट असते. इंटरकॉमच्या कामाची ऑर्डर फेब्रुवारीत दिली, काम मार्चअखेर झालंच नाही, बिल जूनमध्ये येणार. हे मार्चचं देणं नाही कारण काम झालेलं नाही, पण शब्द दिलेला आहे. अशी रक्कम पुढच्या वर्षाच्या खर्चात 'मागील वर्षी मंजूर, काम चालू' असं लिहून पुन्हा दाखवायची. नाहीतर नवीन कमिटी येते, बजेटमध्ये ते काम नाही म्हणते आणि कॉन्ट्रॅक्टर ऑर्डरचा कागद घेऊन उभा राहतो.

मग पुढच्या बजेटमध्ये हे सगळं दाखवायचं कसं? एक नमुना द्या.

प्रत्येक फंडाला एकच सूत्र लावायचं आणि सगळ्यांची मिळून एकच ओळ करायची नाही.

```
आरंभीची शिल्लक + जमा - खर्च = अखेरची शिल्लक
```

जनरल: आरंभी ४४,०००. मेंटेनन्स महिना ३,५०० प्रमाणे ४८ फ्लॅटचे वर्षाला २०,१६,०००. खर्च २०,४०,०००. शिवाय मागच्या वर्षीचा निव्वळ सरप्लस ४०,००० होता, त्याचा चौथा हिस्सा रिझर्व फंडात टाकावाच लागतो, ते १०,०००. अखेरीस उरतात १०,०००.

सिंकिंग: आरंभी १४,४०,००० (१३,२०,००० एफडीत आणि वर सांगितलेले १,२०,००० सेव्हिंगमध्ये). वर्षाची वर्गणी १,२०,०००, एफडीचं व्याज अंदाजे ९२,०००. खर्च काही नाही. अखेरीस १६,५२,०००.

रिपेअर: आरंभी १,८०,०००, जमा ३,६०,०००, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला ३,००,०००. अखेरीस २,४०,०००.

पेंटिंग: आरंभी ३,३०,०००, नवीन जमा नाही, उरलेल्या दोन बाजूंचे ३,३०,०००. अखेरीस शून्य, आणि ते शून्यच व्हायला पाहिजे.

आता ताळा. आरंभीच्या चारही रकमा मिळून १९,९४,०००. दुसऱ्या बाजूने बघा, बँक आणि रोख ८,५४,०००, त्यात सिंकिंगची एफडी १३,२०,००० मिळवली की २१,७४,०००, त्यातून न दिलेली बिलं ९६,००० आणि आगाऊ आलेले ८४,००० काढले की पुन्हा १९,९४,०००. हा ताळा बसला नाही तर बजेट छापायला द्यायचं नाही, मग कितीही उशीर होवो. बसला नाही म्हणजे कुठल्यातरी फंडाचे पैसे कुठेतरी वापरले गेलेत किंवा एखादी एन्ट्री राहिलीये.

वर्षाची जमा सगळी मिळून २५,८८,०००, खर्च आणि रिझर्व मिळून २६,८०,०००, अखेर १९,०२,०००. तोही बसतो.

त्या दोन मेंबरांचे ८४,००० तुम्ही आरंभीच्या शिल्लकेतून काढले. मग ते गेले कुठे?

ते मेंटेनन्सच्या २०,१६,००० मध्ये आहेत. रोख आधीच आली आहे, म्हणून पुढच्या वर्षात प्रत्यक्ष हातात येणारे १९,३२,००० च असतील. दोन्हीकडे धरले तर ८४,००० दोनदा मोजले जातात. ही चूक मी पहिल्या वर्षी स्वतः केली होती, मार्चअखेर तेवढेच कमी पडले आणि कुठे गेले ते शोधायला दोन रविवार गेले. तेव्हापासून आगाऊ रकमेची वेगळी वही ठेवलीये, नाव, फ्लॅट नंबर, कोणत्या महिन्यापर्यंत.

शिल्लक आहे तर मेंटेनन्स ३०० ने कमी करा की. एवढं काय?

३०० गुणिले ४८ गुणिले १२ म्हणजे वर्षाला १,७२,८००. मोकळी शिल्लक ४४,०००. ऑगस्ट पण निघत नाही.

हे मी अंदाजाने बोलत नाहीये. २०१८-१९ ला आमच्या इथे हेच झालं. तेव्हाच्या कमिटीने आरंभीची बँक शिल्लक थेट उत्पन्नाच्या बाजूला पहिल्या ओळीत लिहिली, त्यामुळे बजेट शिलकी दिसलं, लोकांनी टाळ्या वाजवून मेंटेनन्स कमी करून घेतला. फेब्रुवारीत हाउसकीपिंगच्या बायकांचा पगार अडकला. एजन्सीने त्यांना सांगितलं की सोसायटीने पैसे दिले नाहीत, आणि ते खरं होतं. त्यातली एक मावशी माझ्याकडे येऊन म्हणाली, "दादा, पोरीची फी भरायचीय, कधी होईल?" तो महिना आम्ही कसाबसा सिंकिंगच्या न केलेल्या एफडीच्या पैशातून काढला, जे करायला नको होतं, आणि पुढच्या वर्षी मेंटेनन्स ७०० ने वाढवावा लागला. मला तो प्रसंग आजही बोचतो.

आरंभीची शिल्लक उत्पन्न नाही. ती एकदाच येते. मेंटेनन्स दर महिन्याला लागतो. एकदा येणाऱ्या पैशाने दर महिन्याचा खर्च भागवला तर दुसऱ्या वर्षी तेवढाच खड्डा पडतो आणि तो भरायला जास्त वाढ करावी लागते. खरंच मोठी मोकळी शिल्लक साठली असेल, समजा सलग तीन वर्षं, तर दर कमी करण्यापेक्षा एखादं एकदाच करायचं काम हातात घ्या, सीसीटीव्ही बदला, पंप बदला.

अडचण आली तर पेंटिंगचे पैसे टँकरला तात्पुरते वापरले तर चालेल का?

माझं मत, टाळा. लोकांनी ते रंगासाठी दिलेत. आणीबाणीत वापरलेच तर कमिटीच्या मिनिट्समध्ये ठराव लिहा, किती, कशासाठी, कधी परत, आणि एजीएमला सांगा. बजेटमध्ये जनरलच्या बाजूला 'पेंटिंग फंडाचे देणे' अशी ओळ दिसलीच पाहिजे, म्हणजे पेंटिंगची शिल्लक कागदावर पूर्ण राहते. न लिहिता वापरलं की वर्षअखेर ताळा बसत नाही आणि तेव्हा संशय ट्रेझररवर येतो.

सिंकिंग फंडाचं तर आणखी कडक आहे. तो इमारतीच्या पुनर्बांधणीला, मजबुतीसाठी लागणाऱ्या बदलांना किंवा आर्किटेक्टने लिहून दिलेल्या मोठ्या दुरुस्तीला, तोही जनरल बॉडीच्या ठरावाने. टँकर त्यात बसत नाही. २०१९ ला आम्ही हाउसकीपिंगच्या पगारासाठी वापरला तेही चूकच होतं आणि ऑडिटरने रिपोर्टमध्ये तसं लिहिलंही.

सिंकिंग फंडाचे पैसे खरंच आहेत का हे साध्या मेंबरने कसं ओळखायचं?

ताळेबंदाच्या डाव्या बाजूला सिंकिंग फंडाचा आकडा बघा आणि उजव्या बाजूला त्याच्या गुंतवणुकीचा. आपल्याकडे डावीकडे १४,४०,००० आणि उजवीकडे १३,२०,०००. फरक १,२०,०००. हा फरक का, असं एजीएमला विचारा, विचारायचा तुम्हाला हक्क आहे. उत्तर 'सेव्हिंगमध्ये पडलेत, या महिन्यात एफडी करतो' असं असेल तर सेव्हिंगमध्ये तेवढे मोकळे आहेत का तेही बघा. दर वर्षी फरक वाढतच चालला असेल तर बहुतेक वेळा सिंकिंगचे पैसे रोजच्या खर्चात जात असतात. आणि एफडीचं व्याज जनरलच्या उत्पन्नात टाकलेलं असेल तर तेही विचारा, ते फंडाचं आहे, फंडातच मिळवायचं.

पेंटिंगमधून काही पैसे उरले तर?

काम पूर्ण होऊन शेवटचं बिल आणि रिटेन्शन, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरची राखून ठेवलेली रक्कम, दिल्याशिवाय उरले असं म्हणायचंच नाही. त्यानंतर उरले तर दोन रस्ते, ज्या प्रमाणात घेतले त्या प्रमाणात मेंबरांच्या पुढच्या बिलात वळते करा, किंवा एजीएमच्या ठरावाने रिपेअर फंडात टाका. कमिटीने आपल्या मनाने जनरलमध्ये ओढायचे नाहीत.

एजीएम सप्टेंबरमध्ये होते, मग बजेट एप्रिलपासून कसं चालतं? आरंभीची शिल्लक कोणती धरायची?

हिशोब वर्ष संपल्यावर ४५ दिवसांत तयार करायचे, ऑडिट चार महिन्यांत म्हणजे ३१ जुलैपर्यंत, एजीएम ३० सप्टेंबरपर्यंत. म्हणजे बजेट मंजूर होईपर्यंत वर्षातले पाच-सहा महिने गेलेले असतात. आम्ही मार्चमध्ये कमिटीपुरतं तात्पुरतं बजेट करतो, त्यात अखेरची शिल्लक अंदाजे असते. यावेळी जनरलचा अंदाज ६०,००० होता, ऑडिटनंतर ४४,००० निघाला कारण पाण्याचं बिल धरल्यापेक्षा जास्त आलं. एजीएमच्या बजेटमध्ये ऑडिट झालेलाच आकडा जातो. खर्चाचे आकडे मग त्या १६,००० प्रमाणे आवळायचे, शिल्लक ओढूनताणून ६०,००० करायची नाही.

मागच्या वर्षीची अखेरची शिल्लक आणि या वर्षीची आरंभीची यात १,८०० चा फरक येतोय, काय झालं असेल?

हे दोन आकडे एकच असले पाहिजेत, एका रुपयाचाही फरक चालत नाही. बहुतेक वेळा ऑडिट झाल्यावर कोणीतरी मागच्या तारखेची एन्ट्री टाकलेली असते, विसरलेला बँक चार्ज वगैरे, आणि सॉफ्टवेअर ती पुढच्या वर्षात आपोआप ओढतं. छापलेला ताळेबंद जुना, कॉम्प्युटरमधला नवा. टॅलीत ताळेबंदात Difference in opening balances अशी ओळ दिसत असेल तर कारण वेगळं, नवीन कंपनी उघडताना खात्यांच्या आरंभीच्या रकमा हाताने भरल्यात आणि दोन्ही बाजू जुळलेल्या नाहीत.

उपाय सोपा आहे, ऑडिटरची सही झाली की ते वर्ष बंद. विसरलेला चार्ज सापडला तर चालू वर्षाच्या तारखेने 'मागील वर्षाचा खर्च' म्हणून टाका. आमच्याकडे आता सही झाली की त्याच दिवशी सगळ्या फंडांच्या अखेरच्या शिल्लकेचा एक कागद छापून फाइलला लावतो, अध्यक्ष आणि सेक्रेटरी सही करतात, आणि बजेट टाइप करताना आरंभीचे आकडे कॉम्प्युटरवरून नाही, त्या कागदावरून घेतो.